मिरे घेताना जीभ नको, नाक लावा

इंदूरसाठी उन्हाळी सल्ला : मसाल्यासाठी मिरे भरणारे शेतकरी आणि बचत गट यांच्यासाठी

जूनच्या मध्यानंतर माळव्यात पाऊस कधीही येऊ शकतो. घरचे धणे-मिरची कुटून जिरावण आणि गरम मसाला विकणाऱ्यांनी वर्षाचे मिरे त्याआधीच भरावेत. केरळ-कर्नाटकात तोडणी साधारण डिसेंबरपासून मार्चपर्यंत चालते. त्यामुळे आत्ता सियागंजात नवा माल असतो, पण त्याच्या शेजारीच मागच्या वर्षीची उरलेली गोणीही असते आणि दुकानदार दोन्हींना ‘नवीनच’ म्हणतो.

दरवर्षी पैसे बुडतात ते एकाच चुकीने. गिऱ्हाईक दाणा तोंडात टाकतो, जीभ भाजते, आणि ‘कडक आहे’ म्हणून सौदा होतो. पण मिऱ्याचा तिखटपणा पायपरीनमुळे असतो आणि पायपरीन उडून जात नाही. दोन-तीन वर्षं पडून असलेला दाणाही जिभेला चांगलाच झोंबतो. उडतं ते सुवासिक तेल, म्हणजे ज्यासाठी आपण पैसे मोजतो तेच. जुन्या मिऱ्यांनी मसाला बेचव झाला की बाया मिरे वाढवतात. मग तिखटपणा वाढतो, घशाशी जळजळ होते, वास मात्र येत नाही तो नाहीच. म्हणून चाखून माल घेऊ नका. तीन परीक्षा कराव्या लागतात, कारण प्रत्येक परीक्षा वेगळा दोष पकडते.

पहिली परीक्षा वजनाची. गोणीच्या तोंडचा माल निवडून ठेवलेला असतो, म्हणून परखी मधोमध आणि तळाशी घालायला सांगा. दुधाचं एक लिटरचं माप मिऱ्यांनी भरा. ठोकायचं नाही, हलवायचं नाही. वरून पट्टी फिरवून सपाट करा आणि तोला. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांच्या प्रतवारीत लिटरला किमान 550 ग्रॅम भरले तर पहिला दर्जा, 500 ला दुसरा, 400 ला तिसरा. आमचा ठोकताळा त्याहून कडक आहे: 500 च्या खाली उतरला तर मसाल्यासाठी घेऊच नका. हलका माल म्हणजे एक तर कोवळा तोडलेला, नाही तर किड्याने आतून खाल्लेला. मूठभर मिरे हातात खुळखुळवले तर भरीव माल खड्यांसारखा वाजतो, पोचट माल भुशासारखा.

मापाची सोय नसेल तर 100 दाणे पेल्यातल्या पाण्यात टाका, बोटाने ढवळा आणि पाच मिनिटांनी तरंगणारे, म्हणजे पोचट, दाणे मोजा. ढवळणं विसरू नका, हवेचा बुडबुडा चिकटून चांगला दाणाही वर राहतो. पपईच्या बियाही इथेच तरंगून उघड्या पडतात. त्या लांबट असतात आणि त्यांना मिऱ्याचा वास नसतो. भिजलेले दाणे परत डब्यात टाकू नका.

पण वजनावर थांबू नका. भरीव दाणा जुनाही असू शकतो, आणि पावसाळ्यात ओल धरलेला माल तराजूवर फसवतो. ओलावा 11 टक्क्यांवरून 14 वर गेला, तर वाळल्यावर 20 किलोचे जवळपास 19 किलो 300 ग्रॅमच उरतात. म्हणजे 700 ग्रॅम पाणी मिऱ्यांच्या भावात.

दुसरी आणि तिसरी परीक्षा एकत्रच होतात: दाणा फोडायचा आणि लगेच नाकाशी न्यायचा. अख्ख्या मिऱ्याला फारसा वास येत नाही, त्यामुळे गोणीत तोंड घालून हुंगण्यात अर्थ नाही. गोणीचा वास गोणीचाच. दहा दाणे घ्या आणि पाटावर वाटीच्या बुडाने एकेक करून फोडा. एकदम ढीग कुटला तर चार ताज्या दाण्यांचा वास सहा जुन्यांना झाकतो, आणि नव्या मालात जुना मिसळणाऱ्याला हेच हवं असतं.

ताजा, नीट वाळलेला दाणा ‘कट्’ असा वाजतो आणि त्याचे तीन-चार टोकदार तुकडे होतात. काळी साल आणि आतला फिकट पिवळसर गर वेगळे दिसतात. मधोमध जरा पोकळी असते, ती असायचीच, तिला कीड समजू नका. वास आधी हिरवट, लिंबाच्या सालीसारखा येतो, मागून गरम लाकडी. जुना दाणा फुटतो, पण पिठूळ होतो आणि हिरवट वास येतच नाही, फक्त धुळकट लाकडाचा येतो. ओलसर दाणा वाजतच नाही. तो दबतो, चपटा होतो, बुडाला चिकटतो. आत करडी बुरशी किंवा कुबट वास असेल तर ती गोणी सोडा, भाव कितीही पाडला तरी.

फोडलेले तुकडे वाटीत झाकून ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा हुंगा. ताज्याचा वास तेव्हाही भरून येतो, जुन्याचा पहिल्याच झाकणात संपलेला असतो.

एक हिशोब पाहा. समजा एका गटाला 5 किलो मिरे हवेत. पहिला नमुना 720 रुपये किलो, लिटरला 555 ग्रॅम, तरंगले 3, दहापैकी नऊ दाणे वासाचे. दुसरा 640 रुपये, लिटरला 470, तरंगले 19, वासाचे चारच. जिभेला दोन्ही सारखेच झोंबतात. दुसऱ्यात 400 रुपये वाचल्यासारखे वाटतात, पण वासाचे दाणे मोजले तर किलोभर वासाच्या मिऱ्यांना पहिल्यात 800 रुपये पडतात, दुसऱ्यात 1,600. दाण्यांची मोजणी म्हणजे काही वजन नव्हे, हिशोब ढोबळच आहे. पण फरक एवढा असला की ढोबळ हिशोबही पुरतो.

चकाकणाऱ्या मालापासून दूर राहा. मिऱ्याचं वरचं कवच सुरकुतलेलं आणि मंद असतं. अख्खे दाणे पांढऱ्या कागदावर न फोडता चोळा. तेलाचा डाग पडला किंवा रॉकेलसारखा वास आला, तर जुन्या मालाला खनिज तेलाचा हात फिरवलेला असू शकतो. ‘पॉलिश’, ‘स्पेशल’ म्हणून जादा भाव सांगितला तर हा कागद आधी काढा.

घरी आणल्यावर :

• वैशाखी उन्हात घालू नका, वास उडतो. सावलीत एक दिवस पसरा.
• काचेचा किंवा स्टीलचा घट्ट डबा, काठोकाठ भरलेला.
• चुलीपासून आणि उजेडापासून दूर.
• पंधरा दिवसांचीच पूड करा.
• वर महिना आणि दुकान लिहा.

टिकवण्याची पावडर, महागड्या पुड्या घेऊ नका. कोरड्या दाण्याला घट्ट डबा पुरतो, ओल्या दाण्याला पावडर वाचवत नाही. कीड लागू नये म्हणून कोणी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी हातात दिली तर परत करा. त्या वायूने माणूस मरतो, राहत्या घरात तिचं काम नाही.

श्रावणात डबा कोरड्या दिवशी उघडा आणि पुन्हा दहा दाणे एकेक करून फोडा. ‘कट्’ आवाज गेला असेल आणि वास शाबूत असेल तर फक्त ओल शिरली आहे. तव्यावर भाजू नका, ऊन पडेल त्या दिवशी सकाळचे दोन तास कापडावर पसरा आणि गार झाल्यावर डबा बंद करा. वासही गेला असेल तर ते मिरे जिरावणात घालू नका, घरच्या सारात टाका. तिथे तिखटपणापुरते चालतात.