पीसीओएस: गोळीने पाळी आली म्हणजे बीज सुटलं असं नाही

संततिनियमनाच्या गोळ्या सुरू केल्या, दर महिन्याला पाळी येऊ लागली, म्हणजे पीसीओएस, हा बीज वेळेवर न सुटण्याचा आणि पाळी लांबण्याचा विकार, बरा झाला. ही समजूत इतकी पक्की असते की गोळ्या थांबवल्यावर पाळी पुन्हा लांबली की औषधालाच दोष दिला जातो. खरं तर गोळी चालू असताना बीज सुटतच नाही. येतो तो रक्तस्राव गोळीतली संप्रेरकं थांबल्याचा असतो.

मूळ अडचण वेगळीच आहे. बहुतेक जणींचं शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करतं. स्नायूंनी दाद दिली नाही तरी बीजांडकोश देतो. तिथे जास्तीचं इन्सुलिन आणि मेंदूतल्या ग्रंथीतून येणारं एलएच हे संप्रेरक मिळून अँड्रोजन, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरकं, वाढवतात. यकृतात मात्र टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी बनतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन आणखी वाढतं. या वातावरणात बीजपुटिका वाढायला लागतात, पण काही मिलिमीटरवरच अडकतात. एखादी 18-20 मिलिमीटरपर्यंत वाढून फुटेल असं होत नाही. सोनोग्राफीत दिसणाऱ्या ‘गाठी’ त्या याच. त्या काढून टाकायच्या नसतात.

दुसरी चूक तपासणीच्या तारखेची, आणि ती सुशिक्षित घरांतही सर्रास होते. समजा, एका 28 वर्षांच्या स्त्रीची पाळी दर 45 दिवसांनी येते. ती 21व्या दिवशी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणारं संप्रेरक, तपासते, आकडा कमी येतो आणि घरात रडारड. पण 21वा दिवस 28 दिवसांच्या चक्रासाठी आहे. बीज पुढच्या पाळीच्या साधारण 14 दिवस आधी सुटतं. हिचं सुटलंच तर 31व्या दिवसाच्या आसपास, म्हणून तपासणी 38व्या दिवशी हवी. तेव्हा आकडा दर मिलिलिटरला 3 नॅनोग्रॅमच्या वर असेल तर बीज सुटलंय असं मानता येतं. तेव्हाही कमीच आला, तर मात्र बीज सुटत नाही ही शंका खरी.

आता उपचार. तिला मूल हवं असेल, तर बीज सुटण्यासाठी आधी लेट्रोझोल दिलं जातं, सहसा पाळीच्या तिसऱ्या दिवसापासून 5 दिवस, 2.5 मिलिग्रॅमने सुरुवात. 2014च्या एका मोठ्या अभ्यासात त्याने क्लोमिफेन या जुन्या औषधापेक्षा जास्त बाळं जन्मली: 27.5 टक्के विरुद्ध 19.1. पण औषध सुरू करण्याआधी नवऱ्याची वीर्यतपासणी व्हायलाच हवी. ती बहुधा शेवटी आठवते.

मूल नको असेल आणि पाळी तीन-तीन महिने येत नसेल, तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. तिथे गोळ्या किंवा ठरावीक दिवस प्रोजेस्टेरॉनसारखं औषध लागतं. चेहऱ्यावरची लव कमी व्हायला गोळ्यांनाही सहा महिने द्यावे लागतात.

मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध इन्सुलिनच्या बाजूने काम करतं. बीज सुटायला ते लेट्रोझोलइतकं उपयोगी नाही. तरीही ते घेताना किंवा वजन थोडं उतरल्यावर बीज अचानक सुटू शकतं. तेव्हा ‘मला पीसीओएस आहे, दिवस कसे जातील’ म्हणून गर्भनिरोधक टाळू नका.