कंट्रोलरचा चार्जिंग पोर्ट ढिला झालाय? सोल्डरिंगच्या आधी या चुका टाळा

माझ्या भाच्याचा प्लेस्टेशन ४ चा कंट्रोलर वायर एका ठरावीक कोनात धरली तरच चार्ज व्हायचा. दुकानात नेला, तिथे पोर्ट उपसून नवा सोल्डर केला. आठवड्यात तोही हलायला लागला आणि उघडून पाहिलं तर बोर्डावरचे तांब्याचे दोन पॅड पोर्टाबरोबर उखडून आले होते. खरं तर या कंट्रोलरला सोल्डरिंग लागतच नाही.

पण त्याच्याही आधीची चूक म्हणजे लगेच पोर्टाला दोष देणं. मायक्रो यूएसबीत पकड धरणारे दोन बारीक हुक केबलच्या टोकाला असतात, पोर्टात नसतात. झीज स्वस्त वस्तूची व्हावी म्हणून ती रचना मुद्दामच तशी केली आहे. म्हणून ढिलेपणा बऱ्याचदा केबलचाच असतो. नवी केबल घट्ट बसली तर प्रश्न तिथेच मिटला. नाही बसली तर कंट्रोलर बंद करून उजेडात पोर्टाच्या तळाशी पाहा. खिशातला, सोफ्यावरचा कापूस तिथे दाबून बसतो. तो लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई अजिबात नको.

आणखी एक चाचणी कराच. डेटा केबलने कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडा. कॉम्प्युटरला तो दिसतोय पण चार्ज होत नाही, असं असेल तर पोर्ट बहुधा ठीक आहे आणि संशय बॅटरीवर घ्या. बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जिंग तिथेच थांबवा.

आता पोर्टच गेलाय हे नक्की झालं असं धरू. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरमध्ये पोर्ट मुख्य बोर्डावर नसतो. तो मागच्या कव्हरमधल्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असतो, त्यावरच समोरच्या लाइटबारचा एलईडीही असतो, आणि हा बोर्ड एका चपट्या केबलने मुख्य बोर्डाला जोडलेला असतो. मागचे ४ स्क्रू काढायचे, कव्हर सावकाश उघडायचं (एल२ आणि आर२ च्या स्प्रिंगा उडतात, त्यावर लक्ष ठेवा), बॅटरीचा प्लग काढायचा आणि हा छोटा बोर्ड बदलायचा. आम्हाला तो तीनशे रुपयांच्या आसपास पडला.

इथे चूक होते ती बोर्ड मागवताना. जुन्या आवृत्त्यांची चपटी केबल १४ पिनची आहे, नंतरच्यांची १२ पिनची, आणि बाहेरून कंट्रोलर सारखेच दिसतात. त्यामुळे आधी उघडा, पिन मोजा, बोर्डावर छापलेला जेडीएसने सुरू होणारा क्रमांक टिपून घ्या, मगच ऑर्डर द्या. केबल बसवताना ती तिरकी गेली तर लाइटबारचा रंग चुकतो किंवा चार्जिंगच होत नाही. नवा बोर्डही खराब निघाला असं वाटतं, पण केबल काढून सरळ बसवली की बहुधा चालू होतं.

प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरची गोष्ट वेगळी. तिथे यूएसबी-सी पोर्ट थेट मुख्य बोर्डावर सोल्डर केलेला असतो. आधी लक्षणं नीट बघा. दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलने प्लग एका बाजूने घातला तर चार्ज होतो, उलटा घातला तर नाही, असं असेल तर अख्खा पोर्ट बदलायची घाई नको. बहुधा आत कचरा असतो किंवा चार्जरशी बोलणारी एखादी बारीक पिन सुटलेली असते. पोर्ट डगडगतोय पण आतल्या पिना सरळ असतील तर बोर्डात घुसलेल्या धातूच्या पायांचे डाग तडकलेत का ते भिंगातून पाहा. फक्त तेवढंच असेल तर फ्लक्स लावून ते डाग पुन्हा वितळवणं अर्ध्या तासाचं काम आहे, साधं चांगलं सोल्डरिंग आयर्न आणि सरावलेला हात असला की झालं.

अख्खा पोर्ट उपसायचा असेल तर मात्र मी घरी करू नका म्हणेन. त्याचे जाड पाय बोर्डाच्या ग्राउंडच्या थराला जोडलेले असतात आणि तो थर उष्णता शोषून घेतो. सोल्डर पुरतं वितळण्याआधी चिमट्याने ओढलं की पॅड सुटतात, भाच्याच्या बोर्डाचं झालं तसंच. फरक एवढाच की इथे बोर्ड मुख्य असतो, तीनशे रुपयांत बदलता येत नाही. ज्याच्याकडे हॉट एअर आहे आणि जो मोबाईलचे सी पोर्ट रोज बदलतो अशालाच द्या. काम झाल्यावर बॅटरी जोडण्याआधी पॉवर आणि ग्राउंड यांच्यात शॉर्ट नाही ना, हे मल्टिमीटरने त्याच्याकडून तपासून घ्या.

तोही मार्ग परवडत नसेल तर हेडफोन जॅकच्या दोन्ही बाजूंना असलेले धातूचे संपर्कबिंदू बघा. चार्जिंग डॉक तिथूनच चार्ज करतो, पोर्टाला हातही लागत नाही. केबलने खेळता येणार नाही, पण ब्लूटूथवर खेळता येतं. स्टिक ड्रिफ्ट झालेल्या किंवा बॅटरी दमलेल्या जुन्या कंट्रोलरवर तर मी सोल्डरिंगचा खर्च करणारच नाही, डॉक घेईन. तो पुढच्या कंट्रोलरलाही कामी येईल.