सामायिक सौरपंपाचा प्रस्ताव: हॉर्सपॉवरआधी विहिरीचा झरा मोजा

फेब्रुवारी-मार्चमध्ये विहीर आपला खरा झरा दाखवते. त्यामुळे सोसायटीपुढे किंवा पाणी वापर संस्थेपुढे सामायिक सौरपंपाचा प्रस्ताव ठेवायचा असेल, तर त्याची मोजमापं आत्ताच घ्यावीत. दिवाळीत भरलेली विहीर पाहून पंप ठरवला, की माघात पंप चालू आणि विहीर कोरडी अशी गत होते.

मोजमाप सोपं आहे. रोजचा उपसा संपल्यावर पाणी जिथे असेल तिथे खूण करा आणि एक मीटर पाणी भरायला किती तास लागतात ते पाहा. पातळी वर येईल तसा झरा मंदावतो, म्हणून ही चाचणी उपशाच्या खोलीवरच घ्यायची. उदाहरणासाठी ६ मीटर व्यासाची, १८ मीटर खोल विहीर घेऊ. तिच्यात एक मीटर उंचीला साधारण २८ हजार लिटर पाणी मावतं. ते भरायला ५ तास लागले, तर चोवीस तासांत सुमारे १ लाख ३५ हजार लिटर पाणी येईल. या विहिरीवर कितीही मोठा पंप बसवला, तरी रोजचं पाणी याहून जास्त मिळणार नाही.

आता हेड, म्हणजे पंपाला पाणी एकूण किती मीटर उंच ढकलावं लागेल ते, काढू. उपशाच्या वेळी पाण्याची पातळी सरासरी १३ मीटर खोल आहे. वरचं शेत विहिरीच्या काठापासून ७ मीटर उंच आहे. ३०० मीटर पाइपलाइनमधल्या घर्षणासाठी ५ मीटर, आणि फिल्टर व ठिबकला लागणाऱ्या दाबासाठी १५ मीटर धरले. एकूण हेड ४० मीटर.

पंप आणि मोटारीची मिळून कार्यक्षमता ४५ टक्के धरली, तर एक युनिट वीज ४० मीटर हेडवर सुमारे ४,१०० लिटर पाणी चढवते. साडेसात किलोवॉटचे पॅनेल उन्हाळी हंगामाच्या तोंडाला रोज ३१ युनिटच्या आसपास वीज देतात. त्यात उष्णता, धूळ आणि वायरिंगची पंचवीस टक्के घट आधीच वजा केली आहे. म्हणजे या पॅनेलवर चालणारा साडेसात एचपीचा संच रोज सुमारे १ लाख २७ हजार लिटर पाणी देईल. ठिबकवरच्या रब्बी पिकाला एकरी रोज १८ हजार लिटर धरलं, तर हा पंप सात एकरांचा आहे. आठव्या एकराला होकार दिला, तर सातही जणांचं पाणी तुटतं. कंपनीच्या पत्रकात याहून बराच मोठा आकडा दिसेल. केंद्राच्या तांत्रिक निकषांत पॅनेलवर दर चौरस मीटरला दिवसाला ७.१५ युनिट इतकी सूर्यऊर्जा धरलेली असते, तर आपण वरच्या हिशेबात साडेपाच धरली आहे. दरपत्रक मागताना '४० मीटर हेडवर, साडेपाच युनिट ऊन धरून किती लिटर?' असंच लेखी विचारा.

पाइपात काटकसर करायचा मोह होतो, पण नेमकी तिथेच ती नडते. भर दुपारी पंप सेकंदाला साडेसहा लिटर पाणी ढकलतो. ९० मिमी पाइपात ३०० मीटरवर ५ मीटर हेड खर्च होतं, तर ७५ मिमीमध्ये तेच १२ मीटरवर जातं. एकूण हेड ४७ झालं की रोजचं पाणी १ लाख ९ हजार लिटरवर येतं, म्हणजे पाइपावर वाचवलेल्या काही हजारांत एका एकराचं पाणी कायमचं गेलं.

खर्चाचा अंदाज पुढीलप्रमाणे मांडा आणि तीन पुरवठादारांची दरपत्रकं आल्यावर आकडे बदला. पॅनेल, कंट्रोलर, मोटार आणि सांगाडा मिळून साडेचार लाख. पाइपलाइन ६० हजार. फिल्टर, व्हॉल्व्ह आणि पाणीमीटर ४५ हजार. कुंपण, अर्थिंग आणि वीजरोधक ४५ हजार. एकूण ६ लाख, म्हणजे एकरी जवळपास ८६ हजार रुपये. शेतातलं ठिबक ज्याचं त्याने घालायचं.

वर्षभरात १ कोटी ८० लाख लिटर उपसा धरू. विमा, देखभाल आणि किरकोळ दुरुस्तीला वर्षाला १२ हजार. दहा वर्षांत मोटार किंवा कंट्रोलर बदलावा लागेल, त्यासाठी दरवर्षी आणखी १२ हजार बाजूला. भांडवल वीस वर्षांत विभागलं तर वर्षाला ३० हजार. एकूण ५४ हजार, म्हणजे हजार लिटरला ३ रुपये. याच हेडवर डिझेल इंजिनला हजार लिटरसाठी नुसत्या इंधनाचे सुमारे ७ रुपये पडतात. विजेच्या पंपाशी तुलना मात्र प्रामाणिकपणे करावी. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल एप्रिल २०२४ पासून राज्य सरकार भरतं, त्यामुळे ज्यांच्याकडे जोडणी आहे त्यांना सौरपंप स्वस्त पडत नाही. त्यांच्यासाठी फायदा आहे तो दिवसाच्या पाण्याचा. रात्री दोनला दारं धरायला जावं लागत नाही, ही गोष्ट सभेत नीट मांडा. पैसे वाचतील असं सांगू नका.

'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजना सातबाऱ्यावरच्या क्षेत्रानुसार वैयक्तिक पंप देते आणि सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा त्यात १० टक्के असतो. ज्याची स्वतःची विहीर आहे, त्याने आधी तीच पाहावी. सामायिक पंपाचा हिशेब मात्र अनुदान शून्य धरून जुळला पाहिजे. अनुदान मिळालंच तर ते दुरुस्ती निधीत जमा होईल असा ठराव करा.

सर्वांत जास्त भांडणं पाळीवरून होतात, कारण गावात पाळी तासावर ठरते आणि सौरपंपाचा तास सारखा नसतो. या उदाहरणात सकाळी ९ ते १० मध्ये सुमारे ११ हजार लिटर पाणी येईल, तर १२ ते १ मध्ये २२ हजार. सकाळी ऊन कोवळं असतं तेव्हा मोटार सावकाश फिरते, आणि वेग निम्मा झाला की पंपाची पाणी चढवण्याची ताकद पाव होते. मोटारीचा आवाज येतो, पण वरच्या शेतात थेंब पोचत नाही. म्हणून पाळी लिटरवर ठेवा: एकरी १८ हजार लिटर, मुख्य पाइपवरच्या मीटरचा आकडा पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी वहीत लिहायचा, दोघांनी सही करायची. सकाळ-संध्याकाळ खालच्या शेतांना एकेक छोटा व्हॉल्व्ह, दुपारी वरच्या शेतांना. ढगाळ दिवसाची तूट एकट्याच्या माथी न मारता सर्वांच्या पाळीतून सम प्रमाणात कापावी.

पिकाचं बंधनही ठरावातच हवं. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकराचं पाणी ठरवलं आणि उसाला मनाई केली, ती याच गणितामुळे. एप्रिलमध्ये एक एकर ऊस दीड-दोन एकर रब्बीचं पाणी पितो.

देखभालीसाठी एक माणूस नेमा आणि किल्ली त्याच्याकडेच ठेवा. पॅनेल दर पंधरवड्याला भल्या पहाटे, थंड असताना साध्या पाण्याने धुवावेत. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर ती तडकू शकते. निरभ्र दिवशी बाराला कंट्रोलरवर ५ किलोवॉटच्या खाली आकडा दिसला, तर आधी धूळ आणि सावली तपासा. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एकावर पडलेली कडुलिंबाच्या फांदीची सावली सगळ्या माळेची वीज खाली ओढते. आकडा नेहमीचा असूनही मीटर मंद फिरत असेल, तर फिल्टर तुंबला आहे, पाइप फुटला आहे किंवा पाणी पातळी खाली गेली आहे. कोरडी मोटार जळू नये म्हणून पातळीचा सेन्सर दरपत्रकात स्वतंत्र ओळीत लिहून घ्या आणि संच ताब्यात घेताना तो पाण्याबाहेर काढून मोटार खरंच बंद होते का ते पाहा. पायाचं काँक्रीट मे महिन्यातच भरून घ्या, काळ्या जमिनीत पावसानंतर खड्डे घेतले तर सांगाडा कलतो.