दहा मिनिटांचं भाषण सहा मिनिटांत बसवताना मुद्दा कसा वाचवावा

औसा तालुक्यातली एक विद्यार्थिनी माझ्याकडे वक्तृत्वाची तयारी करत होती. स्पर्धेच्या आदल्या दुपारी निरोप आला की स्पर्धक वाढले आहेत, तेव्हा प्रत्येकाला दहाऐवजी सहाच मिनिटं मिळतील. मराठवाड्यातल्या पाणीप्रश्नावरचं तिचं भाषण पाठ झालेलं होतं. ती म्हणाली, "मॅडम, मी भरभर बोलते, बसेल." मी तिला घड्याळ लावून बोलायला सांगितलं. तिचं भाषण साधारण १०६० शब्दांचं होतं. मंचावर नीट ऐकू जाईल असं मराठी बोललं तर मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात. तेच भाषण सहा मिनिटांत म्हणायचं तर मिनिटाला १७५ च्या वर जावं लागतं. त्या वेगात श्वास वाक्याच्या मध्येच तुटतो आणि सगळ्यात आधी आकडे गिळले जातात. तिचं तसंच झालं. मग आम्ही कागद काढला.

आधी उभं राहून मोजा

मनातल्या मनात वाचून वेळ कळत नाही, कारण मन मंचापेक्षा वेगाने वाचतं. उभं राहून, मोठ्याने, थांबे घेत बोला. दुसऱ्याच्या हातात घड्याळ द्या आणि प्रत्येक भागाला लागलेले सेकंद समासात लिहायला सांगा. तिच्या भाषणाचा हिशोब असा निघाला: अभिवादन आणि चार ओळींची कविता ५० सेकंद, २०१६ ची लातूरची पाण्याची रेल्वे ११०, तिच्या वडिलांचे तीन बोअर १००, खडकात पाणी कुठे असतं ते ८०, १९७२ चा दुष्काळ ७०, गावाने पाणी कसं मोजावं ते ९०, एक आक्षेप आणि त्याचं उत्तर ५०, समारोप ६०. एकूण ६१० सेकंद, म्हणजे दहा मिनिटं दहा सेकंद.

सहा मिनिटांचं भाषण सहा मिनिटांवर बसवू नका. साडेपाचवर बसवा. टाळ्या, माईक वरखाली करणं, एखादं अडलेलं वाक्य यातच अर्धं मिनिट जातं. आम्हाला ३३० सेकंद हवे होते, म्हणजे २८० काढायचे होते.

विषय नव्हे, मुद्दा लिहा

कापायला बसण्याआधी भाषणाचा मुद्दा एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात 'कारण' हा शब्द आलाच पाहिजे. तिने पहिल्यांदा लिहिलं, "मराठवाड्यातला पाणीप्रश्न." हा विषय झाला. मग लिहिलं, "पाणी जपून वापरलं पाहिजे." हे तर कोणीही कुठेही म्हणेल. तिसऱ्या वेळी तिचं स्वतःचं वाक्य आलं: "बोअर आणखी खोल घेण्याआधी गावाने पाणी मोजावं आणि मगच रब्बीची पिकं ठरवावीत, कारण आपल्या खडकात पाणी वरच्या थरात साठतं, खोल गेल्याने ते वाढत नाही."

घाईत कापलेल्या भाषणातून मुद्दा निसटतो आणि विषय तेवढा उरतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. करुण प्रसंग राहतात, आवाहन राहतं आणि मधलं 'कारण' गळून पडतं. ऐकणारा हेलावतो, पण त्याला पटवलेलं काहीच नसतं.

प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा

हा भाग काढला तर आपलं 'कारण' पडतं का? माळवदाच्या घरात खांब काढला तर वरची माती खाली येते, कोनाडा बुजवला तर काही होत नाही. भाषणातले खांब कोणते, तेवढंच ओळखायचं.

रेल्वेचा भाग तिचा सगळ्यात आवडता होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी आणि पाच लाख लिटर. तिने तो प्रसंग सुंदर रंगवला होता आणि सरावात त्यावर टाळ्या पडत होत्या. पण त्यातून सिद्ध काय होतं? पाणी नव्हतं, एवढंच. पाणी का संपलं आणि खोल बोअरने का वाढत नाही, याबद्दल रेल्वे काही सांगत नाही. शिवाय लातूर जिल्ह्यातल्या श्रोत्यांना ती गोष्ट सांगायची म्हणजे त्यांच्या घरची गोष्ट त्यांनाच सांगणं. तो भाग पूर्ण गेला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला ते समजत होतं. तरीही सांगते, आवडता भाग आणि आधाराचा भाग हे वेगळे असू शकतात, आणि वेळ कमी पडल्यावर आधाराचा ठेवावा लागतो.

१९७२ च्या दुष्काळाचा भागही असाच गेला. त्या काळी दुष्काळी कामांवर पाझर तलाव झाले हे खरं आणि सांगण्यासारखं, पण तिच्या 'कारणा'साठी ते लागत नव्हतं.

वडिलांचे तीन बोअर मात्र राहिले. पहिला ३०० फूट, दुसरा ४५०, तिसरा ७०० आणि तो फेल गेला. वडील म्हणाले होते, "पाणी वरच्या मुरमातच होतं की गं बाई, खाली नुसता पाषाण." हे एकच उदाहरण तिचा अख्खा मुद्दा उचलून धरतं. दोन उदाहरणांतून एक ठेवायचं असेल तर जास्त रडवणारं ठेवू नका, ज्याच्या पोटात 'कारण' आहे ते ठेवा.

खडकाच्या ८० सेकंदांना आम्ही हात लावला नाही. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे. पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरात. खालच्या घट्ट पाषाणात जागाच थोडी, तिथे भेग लागली तर पाणी, नाही तर धूळ. हा भाग कोरडा वाटतो, म्हणून पहिली कात्री त्यावरच चालते. पण खांब हाच आहे.

आक्षेप काढून टाकू नका

वेळ वाचवायला बहुतेक जण आक्षेपाचा भाग आधी टाकतात. तिचा आक्षेप असा होता: "आम्ही मोजू, पण शेजारचा ऊस लावणारा ऐकणार आहे का?" सभागृहातल्या प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न येणारच. तो तुम्ही घेतला नाहीत तर श्रोता त्यातच अडकतो आणि पुढचं ऐकत नाही. उत्तर थोडक्यात द्या, पण द्या. तिने ५० सेकंदांचे ४५ केले: मोजलेला आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहिला की कोणाचा उपसा किती, हे सगळ्यांसमोर येतं, आणि आकड्यावाचून झालेलं भांडण नुसतंच भांडण राहतं.

उरलेलं कुठून काढलं

दोन आख्खे भाग गेल्यावर १८० सेकंद सुटले. अभिवादन ५० वरून १० वर आलं. कविता गेली, मान्यवरांची नामावळी गेली, "सन्माननीय व्यासपीठ आणि श्रोतेहो" एवढं राहिलं. समारोप ६० वरून २५ वर आला, कारण त्यात आधीचंच पुन्हा सांगितलेलं होतं. हे ७५ झाले. उरलेले २५ सेकंद फक्त शब्दांच्या काटछाटीतून आले: १५ बोअरच्या गोष्टीतून, ५ पाणी मोजण्यातून आणि ५ आक्षेपातून. पाणी मोजण्याच्या भागात दोन पद्धती होत्या. एक पावसाचा हिशोब: एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर. दुसरी, दिवाळीनंतर विहिरीत दोर सोडून जमिनीपासून पाणी किती खोल आहे ते बघणं. दोर राहिला, कारण तो कोणालाही घरी जाऊन करता येतो. वाचलेल्या वेळेतला बराचसा तिने दोर सोडायचा कसा, हे नीट सांगण्यासाठी वापरला.

हे प्रमाण लक्षात घ्या. प्रत्येक वाक्यातून दोन-दोन शब्द काढत बसलात तर चार मिनिटं कधीच निघत नाहीत, आणि भाषण मात्र सगळीकडून वाळतं.

सांधे तपासा

कापल्यावर भाषण पहिल्यापासून मोठ्याने वाचा आणि लोंबकळणारे धागे शोधा. तिच्या समारोपात वाक्य राहिलं होतं, "ती गाडी पुन्हा येऊ नये म्हणून." कुठली गाडी? रेल्वे तर गेली होती. पाणी मोजण्याच्या भागात "आधी सांगितलेल्या पाझर तलावासारखंच" असं होतं, तेही आता अधांतरी. 'दुसरं कारण', 'म्हणूनच', 'तो', 'तिथे' या शब्दांवर बोट ठेवा आणि प्रत्येकाचा मागचा धनी जागेवर आहे का ते बघा. बोअरची गोष्ट आता सुरुवातीला आली, म्हणून वडिलांची ओळख करून देणारं एक वाक्य नव्याने घालावं लागलं.

पाठ केलेल्या भाषणात आणखी एक धोका आहे. एका वाक्याच्या शेपटाला धरून पुढचं वाक्य आठवतं. मधला भाग काढला तरी जीभ सवयीने जुन्याच वाटेने जाते आणि मंचावर रेल्वे पुन्हा सुरू होते. उपाय असा: अख्खं भाषण परत पाठ करू नका. फक्त सांधे पाठ करा. आधीच्या भागाचं शेवटचं वाक्य आणि नव्या भागाचं पहिलं, एवढी जोडी दहा-दहा वेळा. तिचे असे पाच सांधे होते, तासाभरात झाले.

न ऐकलेल्या माणसाला ऐकवा

ज्याने हे भाषण कधी ऐकलं नाही, अशा एकाला ऐकवा आणि नंतर विचारा, "मी काय म्हणाले, एका वाक्यात सांग." संध्याकाळी तिच्या वसतिगृहातल्या मैत्रिणीने ऐकलं आणि म्हणाली, "पाणी वाया घालवू नये." म्हणजे मुद्दा पडला होता. शोधलं तर लक्षात आलं, घाबरून तिने खडकाचा भाग बोलताना आपणहूनच निम्मा केला होता. तो पूर्ण केला, मुरूम आणि पाषाण हे शब्द सावकाश घेतले, आणि दुसऱ्या मुलीला ऐकवलं. ती म्हणाली, "खोल जाऊन उपयोग नाही, पाणी वरच असतं, तर आधी मोजा." वेळ पाच मिनिटं चौतीस सेकंद.

ही पद्धत एका मुद्द्याच्या भाषणाला चालते. तुमच्या वाक्यात दोन वेगवेगळी 'कारणं' येत असतील आणि दोन्ही सोडवत नसतील, तर तुमच्याकडे दोन भाषणं आहेत. सहा मिनिटांत त्यांपैकी एकच बसेल, दुसरं वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. आणि सहाचीही तीन मिनिटं झाली, तर आक्षेप सोडावा लागेल. तेव्हा बोअर, खडक आणि दोर एवढंच घेऊन उभं राहा.