वेल हिरवागार असतानाच रताळी काढायची: ग्रो बॅगमधली लागवड आणि काढणीची वेळ

बटाट्याचा पाला वाळला की काढणी आली, हे सगळ्यांना ठाऊक असते. रताळ्याला तोच नियम लावला की फसगत होते. मराठवाड्यात रताळ्याचा वेल मारणारी थंडी सहसा पडत नाही. पाणी मिळत राहिले तर वेल पाच-सहा महिने हिरवा राहतो आणि पुढे पुढे धावतो. पाला वाळायची वाट पाहत बसले, तर तोवर खालची रताळी तडकतात, धागेदार होतात किंवा सोंड्या भुंगा ती पोखरतो. म्हणून काढणी पाल्यावरून ठरवू नये. लागवडीची तारीख, बोटाने घेतलेले माप आणि कापलेल्या रताळ्याचा चीक या तीन गोष्टींवरून ती ठरवावी. त्यासाठी लागवडीचा दिवस लिहून ठेवावा. ग्रो बॅगवरच मार्करने लिहिला तर उत्तम.

पावसाळी लागवडीसाठी फुटवे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून तयार करायला घ्यावेत. दीडशे-दोनशे ग्रॅमची, टणक आणि सालीवर बारीक छिद्रे नसलेली रताळी निवडावीत. छिद्र असेल तर आत सोंड्याची अळी असण्याची शक्यता असते आणि ती फुटव्याबरोबर बॅगेत येते. घमेल्याच्या किंवा जुन्या टबच्या तळाला छिद्रे पाडून त्यात ओलसर वाळू भरावी, रताळे आडवे ठेवून अर्धे पुरावे आणि घमेले झाडाच्या दाट सावलीत ठेवावे. उन्हाळ्याच्या झळांनी वाळू दोन दिवसांत कोरडी पडते, म्हणून रोज हात लावून पाहावे. पाणी साचू देऊ नये, रताळे कुजते. चार ते पाच आठवड्यांत एका रताळ्याला साधारण आठ-दहा फुटवे येतात. ग्लासात पाणी भरून रताळे उभे टांगण्याची पद्धत पाहायला छान असली, तरी तिथे मुळे गुंडाळत जातात आणि रताळे सडण्याचा धोका जास्त असतो. वाळूच बरी.

फुटवा वीतभर, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर झाला की धारदार कात्रीने वाळूच्या वर दोन बोटे सोडून कापावा, उपटू नये. खालचा भाग मागे राहिल्याने मूळ रताळ्यातला रोग किंवा कीड बरोबर येण्याचा धोका कमी होतो. मुळे नसली तरी काही बिघडत नाही, कारण पुढे रताळी होणारी मुळे मातीत गेलेल्या पेऱ्यांवर नव्याने फुटतात. ओळखीच्या शेतात वेल असेल तर शेंड्याकडचे तेवढ्याच लांबीचे तुकडेही चालतात. बुडाकडचा जून वेल घेऊ नये. कापलेले फुटवे ओल्या गोणपाटात गुंडाळून एक-दोन दिवस सावलीत ठेवले तर पेऱ्यांवर मुळांचे पांढरे ठिपके दिसू लागतात, आणि असा फुटवा लवकर लागतो.

बॅग १५ बाय १५ इंचांची घ्यावी. त्यात सुमारे ४० लिटर माध्यम बसते आणि तीन फुटवे पुरतात. चौथा घातला की सगळीच रताळी बारीक राहतात. इथली काळी माती कुंडीत सर्वांत जास्त अडचण करते. ओली झाली की ती फुगून आवळते, वाळली की भेगाळते. आवळलेल्या मातीत मुळे जाड होत नाहीत आणि भेगांतून सोंड्या थेट रताळ्यापर्यंत पोचतो. त्यामुळे पोयट्याची किंवा लाल माती चार घमेली, भिजवून मोकळे केलेले कोकोपीट तीन, चांगले कुजलेले कंपोस्ट दोन आणि जाड वाळू एक, असे मिश्रण करावे. काळीशिवाय दुसरी मातीच मिळत नसेल तर ती एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घालू नये आणि वाळू वाढवावी. मूठभर ओले मिश्रण दाबून सोडल्यावर बोटाच्या टोचणीने सुटे झाले पाहिजे. चुलीची राख घालण्याचा मोह टाळावा. राखेत पालाश असते खरे, पण आपली माती आणि बोअरचे पाणी बहुधा आधीच अल्कधर्मी असते, आणि रताळ्याला किंचित आम्लधर्मी माती मानवते.

जूनअखेर चांगला पाऊस झाला की ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी लागवड करावी. खालच्या तीन पेऱ्यांची पाने काढून ती पेरी तिरकी मातीत घालावीत, शेंडा वर ठेवावा. दोन फुटव्यांत वीतभर अंतर राहू द्यावे. बॅग दोन विटांवर ठेवावी, म्हणजे झडीच्या पावसात पाणी खाली निथळते. पहिले चाळीस दिवस इथेच निर्णायक असतात. कोणते मूळ रताळे होणार आणि कोणते साधे तंतूमूळ राहणार, हे याच काळात ठरते. त्या दिवसांत बॅगेत पाणी तुंबले, माती घट्ट बसली किंवा नत्र जास्त झाले, तर पुढे कितीही खत दिले तरी रताळ्यांची संख्या वाढत नाही. वरून वेल मात्र जोमाने वाढतो आणि माणूस खुश राहतो. म्हणून युरिया देऊ नये, शेणखताचा जादा थरही नको. ३५ आणि ६० दिवसांनी प्रत्येक बॅगेत सल्फेट ऑफ पोटॅश (०:०:५०) ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, पाण्यात विरघळवून द्यावे. दिवसाला किमान सहा तास ऊन हवे. सावलीतल्या बॅगेत फक्त पाला मिळतो.

ऑगस्टपासून बुडाकडे लक्ष ठेवावे. रताळे फुगताना माती उचलते, भेग पडते आणि रताळ्याचा वरचा भाग उघडा पडतो. सोंड्याची मादी तिथेच अंडी घालते. त्यामुळे ३० आणि ५० दिवसांनी बुडाशी दोन इंच सुटी माती किंवा कोकोपीट चढवावे, आणि नंतरही भेग दिसली की बुजवावी. वेलाचे बूड सुजलेले, काळपट आणि चिरलेले दिसले तर सोंड्या आत शिरला आहे असे समजून ती बॅग लगेच उपसावी. पोखरलेली रताळी कडू होतात आणि शिजवूनही खाण्याजोगी राहत नाहीत. जनावरांनाही घालू नयेत, खोल पुरून टाकावीत. दुसरा त्रास ऑक्टोबरच्या उन्हाचा. काळी बॅग तापली की कडेची मुळे थांबतात. दक्षिण-पश्चिम बाजूला गोणपाट गुंडाळावे किंवा वेल त्याच बाजूने लोंबू द्यावा.

आता काढणी. लवकर येणाऱ्या श्री भद्रा, श्री अरुण या जाती साधारण ९० ते १०० दिवसांत तयार होतात. कोकण अश्विनीला १०५ ते ११० दिवस लागतात. बाजारातून आणलेल्या रताळ्याची जात माहीत नसेल तर ११० दिवस धरून चालावे. दिवाळीच्या आसपास लावलेला वेल मात्र डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींत मंदावतो, त्याला तीन-चार आठवडे जास्त लागतात. आकड्यावरून काढणीचा दिवस ठरत नाही, फक्त तपासणी कधी सुरू करायची ते ठरते.

उदाहरण घेऊ. २८ जूनला चार बॅगांत बारा फुटवे लावले, जात माहीत नाही. २६ सप्टेंबरला ९० दिवस झाले. बुडाची काही पाने पिवळी आहेत, एका बॅगेत माती फुगलेली आहे. त्याच बॅगेत वेलाच्या बुडापासून बोटांनी तीन-चार इंच माती हळू सरकवत जावे. सर्वांत जाड रताळे दोन बोटे जोडून होते तेवढे, म्हणजे साडेतीन-चार सेंटिमीटर लागले. ते एकच काढून आडवे कापावे आणि वीस मिनिटे ठेवावे. कापल्यावर पांढरा चीक येतो. सालीलगतच्या वर्तुळात तो वाळताना हिरवट-काळा पडला, तर आतला साखर-पिष्टाचा भर अजून पुरा नाही. चीक पांढुरका, स्वच्छ वाळला तर रताळे पक्व आहे. इथे एक काळजी घ्यावी लागते. कापलेला भाग हवेने थोडा तपकिरी होतोच, तो धरू नये, चिकाच्या ठिपक्यांकडेच पाहावे. वाळायला वेळ न देता निकाल काढला तर तो चुकतो.

आपल्या उदाहरणात चीक काळवंडला. माती पूर्ववत सारून पाणी चालू ठेवावे आणि बारा दिवस थांबावे. ८ ऑक्टोबरला, १०२ व्या दिवशी, दुसऱ्या बॅगेत पाहावे. जाड रताळे आता तीन बोटांइतके, पाच सेंटिमीटरच्या घरात आहे आणि चीक पांढरा वाळतो. अंगठ्याने साल घासली तर ती सहज सोलवटत नाही. इथे पाणी बंद करावे. परतीचा पाऊस येणार असेल तर बॅग सरळ ओट्यावर किंवा पत्र्याखाली ओढून घ्यावी. शेतात ही सोय नसते, बॅगेत ती आहे आणि ती वापरलीच पाहिजे, कारण कोरड्या होत आलेल्या मातीत एकदम पाणी गेले की तयार रताळी तडकतात. पाच दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, वेल बुडापासून चार बोटांवर कापावा. १६ ऑक्टोबरला, ११० व्या दिवशी, काढणी करावी. मधल्या तीन दिवसांत साल घट्ट होते.

खुरपे वापरू नये. बॅग ताडपत्रीवर आडवी करून माती हातांनी मोकळी करावी. तीन फुटव्यांच्या बॅगेत एक ते दीड किलो रताळी निघाली तर लागवड चांगली साधली असे मानावे. पेन्सिलीसारखी लांबट, कडक मुळेच निघाली तर माती घट्ट होती किंवा बॅग तापत होती. रताळेच नसेल आणि पाला भरपूर असेल तर नत्र, सावली किंवा जुलैतले तुंबलेले पाणी यांपैकी एक कारण असते. आधी एकच बॅग उपसावी. सगळ्या बॅगा एका दिवशी तयार होतीलच असे नाही, पश्चिमेच्या कडेची तापणारी बॅग बहुधा मागे राहते.

रताळी धुऊ नयेत. माती झटकून, फुटकी आणि खरचटलेली बाजूला काढून, बाकीची एकाच थरात गोणपाटावर पसरावीत. वर किंचित ओलसर गोणपाट टाकून घरातल्या उबदार खोलीत पाच ते सात दिवस ठेवावीत. उन्हात ठेवू नयेत. उबेत आणि दमटपणात जखमा भरतात, साल टिकाऊ होते. त्यानंतर हवेशीर, सावलीच्या जागी कोरड्या वाळूत ठेवावीत. फ्रिजमध्ये नकोत, थंडीने गाभा कडक होतो आणि शिजवूनही मऊ पडत नाही. काढल्या काढल्या खाल्लेले रताळे पिठूळ लागते. दोन-तीन आठवड्यांनी गोडी वाढते, तेव्हा एकादशीसाठी हवी असतील तर काढणी तेवढी आधी धरावी. फुटकी टिकत नाहीत, ती दोन-तीन दिवसांत उकडून संपवावीत. वेल शेळ्यांना घालण्याआधी दोन-चार निरोगी शेंडे छोट्या कुंडीत खोचून ठेवावेत, पुढच्या लागवडीचे बेणे त्यातच मिळते.