गाऊट असताना झटपट वजन उतरवताय? या चुका टाळा

माझ्याकडे आहाराच्या सल्ल्यासाठी येणाऱ्या गाऊटच्या रुग्णांपैकी बहुतेकांना कोणीतरी ‘वजन कमी करा’ एवढेच सांगितलेले असते आणि किती वेगाने ते सांगायचे राहून गेलेले असते. सल्ला खरा आहे. गाऊटमध्ये रक्तात वाढलेल्या युरिक अॅसिडचे स्फटिक सांध्यात साठतात आणि सांधा सुजतो. वजन जास्त असले की मूत्रपिंड हे युरिक अॅसिड नीट बाहेर टाकत नाही, आणि वजन उतरले की कालांतराने त्याची पातळीही उतरते. परंतु हेच वजन तीन आठवड्यांत उतरवायला निघालेला माणूस रात्री अडीच वाजता पायाचा अंगठा धरून बसतो, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की आता नव्या रुग्णाशी मी आधी वेगाबद्दल बोलते आणि पथ्याबद्दल नंतर.

पहिली चूक : उपाशी राहून युरिक अॅसिड ‘धुऊन काढणे’

युरिक अॅसिड केवळ मटणातून येते, असा समज घट्ट आहे. प्रत्यक्षात त्याचा मोठा भाग शरीर स्वतःच, आपल्या पेशींच्या मोडतोडीतून तयार करते. म्हणून जेवण बंद केल्याने ते बंद होत नाही. उलट एक-दोन दिवसांच्या कडक उपवासानंतर शरीर चरबी जाळू लागते, तेव्हा कीटोन नावाचे पदार्थ रक्तात वाढतात आणि मूत्रपिंडातून बाहेर पडण्याच्या वाटेवर ते युरिक अॅसिडला अडवतात. त्यात पाणी कमी प्यायले गेले आणि स्नायूही झिजू लागले, तर आवक वाढते, जावक घटते आणि रक्तातील पातळी चढते.

एका गृहस्थांचे उदाहरण सांगते. वय 47, वजन 96 किलो, पूर्वी अंगठा दोनदा सुजलेला, युरिक अॅसिड 9.2. रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारे औषध असलेली गोळी घेत होते. अशा काही गोळ्यांनी युरिक अॅसिड वाढते, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. मुलीचे लग्न डिसेंबरमध्ये होते आणि जुना सूट अंगात बसवायचा होता, म्हणून त्यांनी नवरात्राचे नऊ दिवस पाणी, बिनदुधाचा चहा आणि दिवसाला एक फळ यांवर काढले. वजन सात किलोंनी उतरले आणि घरात कौतुक झाले. दसऱ्याला श्रीखंड-पुरी झाली. त्याच रात्री अंगठ्याच्या मुळाशी आग सुरू झाली आणि सकाळपर्यंत तो सांधा लालबुंद, ताणलेल्या कातडीचा आणि इतका हुळहुळा झाला की पायावर पांघरूण सहन होईना.

घरच्यांनी निदान केले, ‘आंबट खाल्ले म्हणून वात धरला.’ बिचाऱ्या श्रीखंडाचा यात काहीही दोष नव्हता. उपवासात पातळी चढलेली असते, आणि उपवास सुटून पाणी व अन्न पोटात गेले की ती झपाट्याने खाली येते. सांध्यात जुने स्फटिक साठलेले असतील तर अशा वेगवान उतारातही ते सुटे होतात आणि दाह पेटतो. पातळी वर जाणे वाईट खरेच, पण तिचे एकदम घसरणेही सांध्याला मानवत नाही. त्यामुळे झटका पुष्कळदा उपवासात न येता उपवास सुटल्यावर येतो आणि दोष शेवटच्या ताटावर ढकलला जातो.

माझी स्वतःची सवय अशी की गाऊटच्या माणसाला मी आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त उतरू देत नाही. एखाद्या आठवड्यात एक किलो गेला तर चालवून घेते, पण सलग दोन आठवडे तसे झाले तर एक भाकरी वाढवते. लोक यावर नाराज होतात. होऊ द्यावे.

दुसरी चूक : झटक्याच्या दिवशी तपासणी करून निश्चिंत होणे

याच गृहस्थांची पुढची कथा. दुसऱ्या दिवशी त्यांनी रक्त दिले आणि युरिक अॅसिड 6.6 आले. प्रयोगशाळेच्या कागदावर 7 पर्यंत सामान्य असे छापलेले असल्याने ‘गाऊट नाही, मुरगळला असेल’ असे ठरले आणि पायावर पट्टी बांधून गरम शेक दिला गेला. शेकाने दुखणे आणखी पेटले. तीव्र झटक्याच्या काळात रक्तातील पातळी तात्पुरती खाली येऊ शकते, म्हणून त्या दिवशीचा आकडा सामान्य आला तरी गाऊट नाही असे ठरत नाही. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचे असते. त्यांची ती तपासणी 9.1 आली. तोवर वजनही 93 वर परतले होते, कारण उतरलेल्या सात किलोंत पाण्याचाच वाटा मोठा होता.

सांध्याबरोबर थंडी वाजून ताप आला तर मात्र घरी थांबू नये. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी तो असाच दिसतो, आणि तो उशीर खपवून घेत नाही.

तिसरी चूक : गोळी सुरू झाल्यावर दुखले म्हणून ती सोडणे

युरिक अॅसिड उतरवणारी अॅलोप्युरिनॉल ही गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात, आणि कारण तेच, पातळी उतरताना जुने स्फटिक हलतात. म्हणूनच डॉक्टर ती कमी मात्रेपासून हळूहळू चढवतात आणि सुरुवातीचे काही महिने सोबत झटका रोखणारे औषध देतात. नियमित चालू असलेली गोळी झटका आला म्हणून स्वतःहून बंद करणे म्हणजे पातळीला पुन्हा झोका देणे होय. अपवाद एकच : अंगावर पुरळ उठले तर ती लगेच थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

आणखी काही, थोडक्यात

भात-पोळी बंद करून तीन वेळा चिकन खाण्याच्या योजनेत कीटोन आणि मांस दोन्ही एकत्र येतात, म्हणून गाऊटवाल्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

डाळ आणि पालक सोडून देणारे लोक संध्याकाळी बिअर घेतात, आणि माझा संयम तिथे संपतो. डाळी-पालेभाज्यांनी गाऊट वाढत नाही. बिअर, कलेजी, तारली आणि गोड शीतपेये यांनी वाढतो.

औषधाच्या दुकानातून सांगून आणलेली वेदनाशामक गोळी मूत्रपिंड अधू असलेल्याने किंवा रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

त्या गृहस्थांची रक्तदाबाची गोळी डॉक्टरांनी बदलली, अॅलोप्युरिनॉल सुरू केले आणि पातळी 6 च्या खाली आणण्याचे ठरवले. जुना सूट लग्नात बसला नाही, नवा शिवावा लागला. पुढच्या नवरात्रापर्यंत वजन 84 झाले होते, म्हणजे महिन्याला एक किलोही नाही. त्या वेळी त्यांनी विचारून उपवास केला : दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रात्री राजगिऱ्याची भाकरी आणि दही, दिवसभर पाणी आणि ताक. दसऱ्याला दोन वाट्या श्रीखंड खाऊन ते रात्रभर झोपले आणि सकाळी मला तसे मुद्दाम कळवले.