साइट सिलेक्शनच्या गणितात माझे आठ मार्क कुठे गेले

फॅक्टर रेटिंग काय असतं, फिक्स्ड व्हेरिएबल काय असतं हे तुम्हाला येतंच, त्यामुळे थेट मी जिथे आपटलो तिथेच येतो. विश्रामबागला क्लास लावला होता, तिथल्या सरांचा शॉर्टकट होता की साइट्स फिक्स्ड कॉस्टने चढत्या क्रमाने मांडा, शेजारशेजारच्या दोघांचा क्रॉसओव्हर काढा, झालं. (शॉर्टकट देणाऱ्याने तो कुठे फसतो तेही सांगायला पाहिजे असं माझं आपलं मत आहे.)

समजा बेदाणा ग्रेडिंगचं युनिट टाकायचंय, आकडे मनानेच घेतोय. तासगावला वर्षाचा फिक्स्ड खर्च 18 लाख आणि क्विंटलमागे 700, मिरजेला 25 लाख आणि 600, कुपवाडला 30 लाख आणि 400. वर्षाला माल 5000 क्विंटल.

शॉर्टकटने तासगाव-मिरज क्रॉसओव्हर 7 लाख भागिले 100 म्हणजे 7000, मिरज-कुपवाड 5 लाख भागिले 200 म्हणजे 2500. आता मी काय केलं, तर 2500 पर्यंत तासगाव, 2500 ते 7000 मिरज, पुढे कुपवाड असं झोकात लिहून टाकलं, आणि 5000 मध्ये बसतात म्हणून उत्तर मिरज!

आता 5000 टाकून बघा. तासगाव 53 लाख, मिरज 55, कुपवाड 50. म्हणजे मी सगळ्यात महागडी साइट निवडली होती राव.

खूण तिथेच होती. पहिला क्रॉसओव्हर दुसऱ्यापेक्षा मोठा आला, 7000 आधी आणि 2500 नंतर, असं उलटं आलं की समजायचं मधली साइट कुठल्याच व्हॉल्यूमला सगळ्यात स्वस्त नाही. मिरजेचा खर्च तासगावपेक्षा कमी व्हायला 7000 लागतात, पण तोवर कुपवाडने कधीच दोघांना मागे टाकलेलं असतं. मग मिरज काढून टाका आणि तासगाव-कुपवाड थेट लावा, 12 लाख भागिले 300, 4000 क्विंटल. त्याखाली तासगाव, त्यावर कुपवाड. घाबरू नका, ग्राफ काढला की दोन मिनिटांत दिसतं, मी आळस केला होता. आणि ग्राफ नको असेल तर निदान दिलेला व्हॉल्यूम तिन्ही साइट्सना टाकून बघाच, न बघता उत्तर लिहिलं तर मार्क गेलेच म्हणून समजा.

पुढे फॅक्टर रेटिंग विचारतात. त्यात भाडं, मजुरी परत घालू नका, तो खर्च वर मोजून झालाय. कच्चा माल, कुशल कामगार, वीज यांना 40, 35, 25 वेट धरलं, तासगावला 9, 6, 6 आणि कुपवाडला 6, 8, 9 दिले तर 720 विरुद्ध 745, कुपवाड. पण वेट 50, 30, 20 केलं की 750 विरुद्ध 720, तासगाव पुढे! म्हणून इतका कमी फरक असला की मी खाली एक ओळ टाकतो, रेटिंग वेटवर हलतंय, 5000 ला कुपवाड 3 लाखांनी स्वस्त आहे म्हणून कुपवाड.